मागच्या बाकावरचे सहा तास

सगुणा तांडेलला इंग्रजी आवडायचं, हे ऐकून चेंदणी कोळीवाड्यात कोणी हसलं नसतं तरच नवल. पण खोटं नाही ते. आई दगडाबाई ठाण्याच्या बाजारात सुकं म्हावरं विकायची, बोंबील, जवळा, सुकट, आणि ते बांधून द्यायला रद्दीवाल्याकडून इंग्रजी पेपर किलोवर घ्यायची. इंग्रजीच का, तर तो कागद जाड असतो, फाटत नाही. शाळा सुटल्यावर पोर आईच्या पाटीशेजारी बसायची आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा ते पेपर वाचायची. आधी नुसती अक्षरं, मग शब्द, मग क्रिकेटचे स्कोअर, मग लग्नाच्या जाहिराती. "काय गो, म्हावऱ्याला वास येते का बघतंस?" असं आई चिडवायची. पण कोणी बामणाची बाई गिऱ्हाईक म्हणून आली की तीच आई मोठ्यांदा सांगायची, "आमची सगुना इंग्लिश वाचते!"

पोरगी बी.ए. झाली, बी.एड. झाली आणि १९८० च्या जूनमध्ये डोंबिवली पूर्वेच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागली. यात एक गोम होती, ती आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे सगळं तिथेच अडलं. बी.एड.ला दोन विषय घेऊन सराव पाठ द्यावे लागतात. सगुणाने इंग्रजी मागितलं होतं. कॉलेजने सांगितलं, जागा भरल्यात, तुम्ही मराठी आणि इतिहास घ्या. तिने घेतलं. सराव पाठ झाले ते शिवाजीमहाराजांच्या आग्र्याहून सुटकेवर, आणि शाळेत गेल्यावर हातात पडलं इंग्रजी, कारण शाळेत ते शिकवायला दुसरं कोणी नव्हतं. आपल्याकडे हे असंच चालतं, त्यात कोणाला काही वाटत नाही. तिलाही वाटलं नाही. उलट ती हरखून गेली.

सतरा वर्षं शिकवलं तिने. लग्न जमलं नाही. दोनदा जमता जमता मोडलं आणि मग तिनेच विषय बंद केला. वडील होते तोवर वडील, मग आई आणि ती. आणि ज्या शाळेत आठवीच्या चार तुकड्या होत्या तिथे ९५ साली दोन उरल्या. डोंबिवलीतला जो तो आपली पोरं इंग्लिश मीडियमला घालत सुटलेला. तुकड्या कमी झाल्या की शिक्षक जास्तीचे होतात आणि जास्तीच्या शिक्षकाला सरकार कुठेही टाकतं, मुरबाडच्या पलीकडेसुद्धा. स्टाफरूममध्ये रोज तोच विषय. कोणाचा नंबर, कोणाचा नंबर.

अशात नीलाचं पत्र आलं. नीला कारखानीस या शाळेत तीन वर्षं होती, सगुणाच्या बरोबरीची. तिचा भाऊ लंडनला. त्याच्याकडे राहून तिने इंग्रजी शिकवण्याचा चार आठवड्यांचा कोर्स केला आणि आता मस्कतला एका भाषासंस्थेत नोकरी करत होती. पत्रात लिहिलं होतं, "सगुणा, आमच्याकडे ९७ च्या सप्टेंबरसाठी जागा निघणार आहेत. तू ये. मी तुझं नाव सांगून ठेवलंय. पण नुसतं बी.एड. चालणार नाही, सर्टिफिकेट लागतं, आणि कुठलं सर्टिफिकेट ते नीट बघून घे. आणि रुजू होताना वय चाळिशीच्या आत हवं."

सगुणा ९६ च्या नोव्हेंबरात एकोणचाळीस पुरी करणार होती. म्हणजे ९७ च्या सप्टेंबरची ती एक संधी. ती गेली की संपलं. तिने पत्र दोनदा वाचलं.

मग तिने वही काढली. दोनशे पानी, रेघांची. तीन रकाने आखले. पहिला: एकूण किती तास. दुसरा: वर्गातला सराव. तिसरा: कोण मानतं. आणि कामाला लागली. या बाईची चिकाटी बघून कोणीही तोंडात बोट घातलं असतं! तिसरा रकाना तिने माहितीपत्रकं बघून भरला नाही. माहितीपत्रकात काय, सगळेच म्हणतात जगभर मान्य. तिने नीलाकडून भाषाशाळांचे पत्ते मागवले, मस्कत, कुवेत, बँकॉक, कैरो, अशा चौदा शाळांना पत्रं लिहिली, प्रत्येकात उत्तराच्या टपालासाठी पोस्टातलं आंतरराष्ट्रीय कूपन घातलं. काउंटरवरच्या माणसाला ते कूपन काय हे माहीत नव्हतं, त्याला पोस्टमास्तरांकडे जाऊन विचारायला लावलं. चौदापैकी आठांची उत्तरं आली. जे उत्तर आलं तेच रकान्यात गेलं, बाकी कोरं ठेवलं.

सगळ्यात वर होता केंब्रिजच्या नावाचा तो चार आठवड्यांचा कोर्स. शंभराच्या वर तास. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवायचं, आणि शिकवताना मागे प्रशिक्षक बसणार, प्रत्येक पाठानंतर काय चुकलं ते तोंडावर सांगणार, लिहून देणार. शिवाय जुन्या शिक्षकांचे वर्ग आठ तास बघायचे. तिसऱ्या रकान्यात आठांपैकी आठ. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा कोर्स तसाच, तोही सहा तासांचा, तोही सगळ्यांना चालणारा. पण हे करायचं कुठे? लंडन, नाहीतर कैरो, असंच कुठेतरी. भारतात होत असल्याचं तिला शोधून सापडलं नाही. फी, विमान आणि महिनाभर राहणं मिळून तिचा दोन वर्षांचा पगार. त्या ओळीखाली तिने लाल रेघ मारली.

दुसरा होता हैदराबादचा, पत्राने शिकायचं आणि थोडे दिवस तिथे जाऊन हजर राहायचं. अभ्यास कसून, भारतात वजन मोठं. पण आठांपैकी सहांनी कळवलं होतं की आम्हाला हा माहीत नाही. तिला वाईट वाटलं. चांगली वस्तू आणि बाजारात कोणी ओळखत नाही, हे ती आईच्या पाटीवर लहानपणापासून बघत आलेली.

तिसरा डोंबिवलीतच, स्टेशनपासून पाच मिनिटांवर. गोपीनाथ सर म्हणून एक गृहस्थ होते, सफारी सूट, टेबलावर पृथ्वीचा गोल. चार रविवार, चाळीस तास आणि सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट. सगुणाने समोर बसून विचारलं, "सर, प्रॅक्टिस कोणावर?"

"एकमेकांवर ना मॅडम! तुम्ही टीचर, बाकीचे स्टुडंट. मग दुसरा टीचर."

"म्हणजे ज्यांना इंग्लिश येतं त्यांनाच इंग्लिश शिकवायचं?"

गोपीनाथ सर हसले. "मॅडम, एवढं कोण बघतं हो बाहेर? सर्टिफिकेट बघतात."

तिने घरी येऊन दुसऱ्या रकान्यात लिहिलं: नाही. आणि शाळेतल्या दोन तरुण शिक्षकांना त्या क्लासच्या पायऱ्या चढण्यापासून वाचवलं. 'एवढं कोण बघतं' हे वाक्य मात्र डोक्यात राहिलं असणार. राहतं ते.

चौथा इंग्लंडमधून टपालाने येणारा. एकशे वीस तासांचा, बारा पुस्तिका, प्रत्येकीवर स्वाध्याय, ते तपासून परत येणार. तास भरपूर, सराव शून्य. आठांपैकी सहांनी नाही म्हटलं, एकाने म्हटलं बघू. आणि मस्कतने, नीलाच्या संस्थेने, लांबलचक उत्तर पाठवलं होतं. त्याचा अर्थ असा: टपालाचा कोर्स तुम्ही चांगल्या गुणांनी पुरा केलात, तर सराव आम्ही वेगळा धरू. तुमच्या सध्याच्या शाळेत वरिष्ठाने तुमच्या वर्गात बसून पाहिलेले इंग्रजीचे पाठ, एकूण किमान सहा तासांचे, वेगवेगळ्या इयत्तांचे, प्रत्येक पाठाचा तारखेसह लेखी अहवाल. असे अहवाल असतील तर अर्जाचा विचार होईल.

सगुणाने ते पत्र मिटलं आणि खुर्चीतच मागे रेलली. जमलं! आई आत भाकऱ्या थापत होती, तिला जाऊन म्हणाली, "आये, जमलं गं."

"काय जमलं?"

"मस्कत."

दगडाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. "तिकरं म्हावरं मिलते?"

"बख्खळ मिळतं. समुद्रच आहे तिकडे."

"मंग मना पन ने," म्हातारी म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

आता ही एवढी हुशार बाई का हुरळून गेली, ते सांगायला हवं. शाळेत लॉगबुक असतं. मुख्याध्यापकाने प्रत्येक शिक्षकाचे वर्षाला निदान दोन पाठ वर्गात बसून बघायचे आणि त्यात शेरा लिहायचा, असा नियम. तपासणीला साहेब आले की पहिलं लॉगबुक मागतात. अर्ज करेपर्यंत सगुणाची सतरा वर्षं भरणार, दोनाप्रमाणे चौतीस शेरे. पस्तीस मिनिटांची तासिका. तिने कागदावर गुणाकार मांडला: अकराशे नव्वद मिनिटं, म्हणजे जवळजवळ वीस तास. मागितलेले सहा!

आणि ते लॉगबुक भरलं कसं जायचं? मुख्याध्यापक मोडक सर, हरिहर मोडक, देवमाणूस. संस्कृतचे पंडित, पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. आणि शाळेची जुनी ऐट अशी की इंग्रजीच्या पाठाचा शेरा इंग्रजीतच असला पाहिजे, साहेबांवर छाप पडते. मग तपासणीची तारीख आली की सर शिपायाला पाठवायचे: "तांडेल बाईंना बोलवा." सगुणाचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं. सर म्हणायचे, "बाई, तेवढं इंग्रजीचं लॉगबुक घ्या ना करून." ती कॅलेंडर समोर घेऊन बसायची, रविवार आणि सुट्ट्या टाळून तारखा पाडायची, सगळ्या इंग्रजी शिक्षकांचे शेरे लिहायची, त्यात स्वतःचेही. स्वतःचे लिहिताना थोडी लाजायची, म्हणून कौतुक हात राखून करायची. पाठ चांगला झाला, फळ्यावरचं लेखन नीटनेटकं, मुलांचा सहभाग समाधानकारक, आवाज थोडा मोठा हवा. सर चष्मा लावून भराभर सह्या ठोकायचे, शिपाई शिक्का मारायचा, आणि चहा यायचा. सगळ्या शाळांत तसंच. याला कोणी लबाडी म्हणत नव्हतं, याला लॉगबुक पूर्ण करणं म्हणायचे. सही सरांची, शिक्का शाळेचा, मग अक्षर कोणाचं का असेना! कारकून लिहितो आणि साहेब सही करतो, यावर तर अख्खा जिल्हा चाललाय.

सतरा वर्षांत मोडक सर एकदाही तिच्या वर्गात येऊन बसले नव्हते, हे तिला माहीत होतं. पण जसं आपल्या चपलेचं माप माहीत असतं तसं. त्यावर विचार करायची वेळ कधी आली नव्हती.

वर्षभर तिने टपालाचा कोर्स केला. सकाळी शाळेआधी, रविवारी दुपारी. एकेक पुस्तिका यायला तीन आठवडे, स्वाध्याय तपासून परत यायला महिना. मुलांना बोलतं कसं करावं यावर एक अख्खी पुस्तिका होती, तिच्या स्वाध्यायाला शंभरपैकी अठ्ठ्याऐंशी मिळाले. तपासनिसाने लिहिलं होतं, "अतिशय समज असलेलं उत्तर." ती ओळ तिने आईला मराठीत करून सांगितली. म्हातारीने शेजारच्या चंद्रभागेला सांगितली, चंद्रभागेने अख्ख्या आळीला. "सगुनाला विलायतेच्या मास्तरानं शाबासकी दिली." बायका पाण्याच्या रांगेत विचारायला लागल्या, कवा जातंस गो?

९७ च्या मार्चमध्ये सर्टिफिकेट आलं. सगुणाने मोडक सरांची परवानगी घेऊन लॉगबुकातल्या आपल्या चौतीस पानांच्या झेरॉक्स काढल्या. सर म्हणाले, "बाई, खुशाल न्या. तुमच्यासारखी शिक्षिका गेली तर शाळेचं नुकसान आहे, पण जा." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ठाण्याला कोर्टाबाहेर नोटरीकडे बसून तिने प्रत्येक पानावर खरी प्रत असा शिक्का मारून घेतला. चौतीस शिक्के. मस्कतच्या अर्जात एक पान होतं, 'तुम्हाला शिकवायला का आवडतं ते स्वतःच्या हस्ताक्षरात लिहा.' तिने तेही आपल्या त्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, पेपर वाचत बसणाऱ्या पोरीची गोष्ट, आणि सगळं एका पाकिटात घालून रजिस्टर केलं.

वाचणाऱ्याला कळलं असेल. तिला नाही कळलं. खरंच नाही. मी तिच्या जागी असते तर मलाही कळलं नसतं, त्यामुळे उगाच शहाणपणा नको.

उत्तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात आलं. शाळेला सुट्टी होती. पोस्टमन खाली हाक मारत असतानाच ती जिना उतरली. पत्र लहान होतं, आणि सभ्य होतं, हेच जास्त लागलं. आपला कोर्समधला निकाल उत्तम आहे. मात्र निरीक्षणाचे चौतीसही अहवाल आणि अर्जातलं हस्तलिखित पान एकाच अक्षरातलं दिसतं. अहवालांमध्ये चार वाक्यं पुन्हा पुन्हा येतात. एकाही अहवालात विद्यार्थ्यांनी काय केलं, काय बोलले, हे लिहिलेलं नाही. त्यामुळे हे निरीक्षण प्रत्यक्ष झालं असं आम्ही मानू शकत नाही. आपला अर्ज बंद करण्यात येत आहे.

तिने ते पत्र जिन्यातच उभ्या उभ्या वाचलं. मग परत वाचलं.  खोटारडी! असं कोणी लिहिलं नव्हतं, पण अर्थ दुसरा काय होता? जिने शाळेचा एक खडू कधी घरी नेला नाही, तिला परक्या मुलुखातला एक साहेब सांगत होता की तू बनावट कागद पाठवलेस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो चुकलेला नव्हता.

आठवड्याने नीलाचं पत्र आलं. चार ओळी. "सगुणा, मला बोलावून विचारलं त्यांनी. मी काय सांगू? तू मला एकदा तरी विचारायचंस. आता पुन्हा अर्ज घेणार नाहीत. जुलैत येते तेव्हा बोलू."

सगुणा मोडक सरांच्या घरी गेली. फडके रोडच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर, दुपारी चारला. सर जूनपासून निवृत्त होणार होते, पुस्तकं खोक्यात भरत बसले होते. तिने पत्र वाचून दाखवलं, मराठीत. सरांनी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"मी लिहितो त्यांना," ते म्हणाले. "मी सांगतो, अक्षर बाईंचं, पण मत माझं."

"कशावरचं मत, सर?"

"म्हणजे?"

"सर, तुम्ही माझ्या वर्गात कधी बसलात? एकदा तरी?"

  सर इतक्या साधेपणाने बोलले की तिला रागावतासुद्धा येईना. "तुमच्या वर्गात काय बघायचं होतं, बाई? दारावरून जाताना ऐकू यायचं ना. एकदम शांत वर्ग. तुमचाच तेवढा आवाज. मी निश्चिंत असायचो."

ती उठली, नमस्कार केला आणि निघाली. रडू आलं ते रिक्षात. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

घरी आईला सांगताना तिने एवढंच सांगितलं की जागा भरली.  "जाऊ दे गो," म्हातारी म्हणाली. "मना तिकरं गमलं नसतं." तिला कोणी तिकडे नेणार होतं असं नाही, पण लेकीला बरं वाटावं म्हणून ती असं बोलली, हे सगुणाला कळलं आणि ती आत जाऊन भांडी घासायला लागली. पाण्याच्या रांगेत मात्र महिनाभर बायका विचारत राहिल्या. कवा जातंस? ती म्हणायची, बघू.

जुलैत नीला आली. शाळेत नवे मुख्याध्यापक होते, त्यांनी जुनी शिक्षिका म्हणून तिला चहा दिला. स्टाफरूममध्ये दोघी जरा अवघडून बसल्या. मग सगुणाच म्हणाली, "नीला, एक काम करशील? माझ्या वर्गात येऊन बस. मागे."

"कशाला आता?"

"मला बघायचंय. तिकडे जसं करतात तसं कर. अगदी तसंच."

"सगुणा, त्याने आता काही होणार नाही गं."

"माहितीये मला. तरी ये."

आठवी अ, तिसरी तासिका. अठ्ठावन्न मुलं. नीला शेवटच्या बाकावर दोन मुलांच्या शेजारी कागद-पेन घेऊन बसली. सगुणाने असा पाठ घेतला की काय सांगावं! आवाज मोठा, फळ्यावर सुंदर अक्षरं, नवे शब्द अधोरेखित, एकेका वाक्याचा अर्थ सोपा करून मराठीत, मध्ये एक गंमत, मुलं हसली, शेवटी गृहपाठ. घंटा होताना खडू खाली ठेवला तेव्हा तिचा श्वास फुललेला होता. तिला मनातून वाटत होतं, झालं ना? चांगला झाला ना?

व्हरांड्यात नीला कागद घडी करून उभी होती.

"दाखव," सगुणा म्हणाली.

"खरं सांगू?"

"मग कशाला बोलावलंय तुला?"

नीलाने कागद दिला. शेऱ्याऐवजी त्यावर मिनिटं लिहिलेली होती. बाई: एकतीस. हजेरी: दोन. मुलं: दोन. त्या दोनपैकी दीड मिनिट सगळ्यांनी मिळून बाईंच्या मागून वाचलं. राहिलेल्या अर्ध्या मिनिटात चार मुलं 'येस मॅडम' म्हणाली. एकाही मुलाने स्वतःचं असं एकही इंग्रजी वाक्य उच्चारलं नाही.

सगुणाने कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं.

"लंडनला माझ्या पहिल्या पाठाचा कागद असाच होता," नीला घाईघाईने म्हणाली. "अगदी असाच. मी रडले होते. दुसऱ्या पाठाला थोडं जमलं, तिसऱ्याला परत बिघडलं, चौथ्याला मुलं बोलायला लागली. सहा तास त्याच्यासाठीच असतात गं. तू हुशार आहेस, तुला तीन दिवसांत जमलं असतं."

"त्या पुस्तिकेत सगळं होतं," सगुणा म्हणाली. "मुलांना बोलतं कसं करायचं. मला अठ्ठ्याऐंशी मिळाले त्यात."

 नीलाने सगुणाच्या हातावर हात ठेवला. सगुणाने हात काढून घेतला, रागाने नाही, पुढच्या तासाची घंटा झाली होती म्हणून. मनात तिच्या हिशोब चालू होता आणि थांबवता येत नव्हता. सतरा वर्षं, वर्षाला दीडशेच्या वर मुलं. म्हणजे अडीच हजार. अडीच हजार मुलं तिच्या हाताखालून गेली आणि घरी जाऊन सांगत राहिली, आमच्या तांडेल बाई किती छान शिकवतात. मस्कतच्या साहेबाला जे चौतीस कागदांवरून कळलं ते तिला इतकी वर्षं वर्गात उभं राहून कळलं नव्हतं. मुरबाडला पाठवलं तरी चालेल, असं तिला त्या क्षणी वाटलं, कुठेही पाठवलं तरी काय फरक पडतो.

ती नववी ब वर गेली. मुलं उभी राहिली, बसली. तिने पुस्तक उघडलं नाही. फळ्याकडे पाठ करून ती वर्गाकडे बघत राहिली, आणि मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीला उभं केलं. नीटनेटक्या वेण्या, पहिल्या पाचात नंबर असणारी मुलगी. सगुणाने हळू, स्पष्ट विचारलं, "व्हॉट डिड यू डू यस्टरडे?"

मुलगी गोंधळली. पुस्तकाकडे बघायला लागली, त्यात हे कुठे नव्हतं.

"पुस्तकात नाही बाळा. तूच सांग. एनीथिंग."

वर्ग चिडीचूप. मुलीचे ओठ हलले, आवाज आला नाही. मागून कोणीतरी खुसखुसलं. सगुणा थांबून राहिली, पुस्तिकेत लिहिलं होतं की थांबावं, उत्तराची वाट बघावी, आपण बोलू नये. ती थांबली. मुलीचा चेहरा लाल झाला, आणि तिच्या डोळ्यांतून एकदम पाणी यायला लागलं. "सॉरी मॅडम," ती म्हणाली, "मी काय केलं?"

तिला वाटलं होतं, बाई शिक्षा करतायत.

"काही नाही गं. बस," सगुणा म्हणाली.

वीस मिनिटं उरली होती. पहिल्या घटक चाचणीआधी चार धडे संपवायचे होते. तिने पुस्तक उघडलं, खडू घेतला, फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं.

"माझ्या मागून म्हणा," ती म्हणाली, आणि साठ मुलांनी एका सुरात म्हटलं.